मागितले सात, मिळाले सव्वातीन!

मैत्रिणींनो, पेण तालुक्यातल्या हमरापूर-जोहे भागातून एका भगिनीचं पत्र आलंय. पत्र कसलं, चार फुलस्केप कागदांवर भरलेली तक्रारच आहे म्हणा ना! पण ती इतकी नेमकी, आकड्यांसकट लिहिली आहे, की आज इतर पत्रं बाजूला ठेवून याच एका पत्रावर बोलायचं मी ठरवलं.

या बाईंचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतो तसा धुराड्याचा नव्हे. घराला लागून पत्र्याची लांबट शेड, आत फळ्यांच्या मांडण्या, आणि त्यांवर रांगेने बसलेले गणपती. पेण भागात याला कारखानाच म्हणतात. यजमान साचे आणि मातीकाम बघतात, स्वतः बाई रंगकाम आणि आखणी करतात. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. मूर्ती शाडूच्या, सगळ्यात मोठी दोन फुटांची. गेल्या हंगामात त्यांनी १,५३० मूर्ती विकल्या आणि १४ लाख १० हजारांची उलाढाल झाली. यंदा १८ लाखांची होईल असा त्यांचा अंदाज. म्हणून त्यांनी बँकेकडे ७ लाखांचं कॅश क्रेडिट मागितलं. बँकेने दिलं सव्वातीन लाख!

“ताई, अठरा लाखांचा धंदा सव्वातीन लाखांत कसा करायचा? निम्म्याहून कमी देऊन बँकेने आमची थट्टाच केली की नाही?” असं त्यांनी विचारलंय.

थट्टा नाही केली हो. बँकेने एक हिशेब केला आहे, आणि तो नियमाला धरूनच आहे. पण तो हिशेब तुमच्या धंद्याला बसत नाही, हेही तितकंच खरं. आणि तुमचे सात लाखही बरोबर नाहीत, हे आधीच सांगून टाकते. मागाहून रागावू नका. मी स्वतः बँकेत बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडे बसलेली आहे, तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलायची थोडी सवय आहे.

आधी बँकेने काय केलं ते बघू. खेळतं भांडवल म्हणजे धंद्यात फिरत राहणारा पैसा. माती, रंग, मजुरी यांत तो घालायचा, त्याची मूर्ती होते, मूर्तीची उधारी होते आणि उधारीचे पुन्हा पैसे होतात. एकदा गेलेला रुपया परत हातात यायला जितका वेळ लागतो, तितक्या काळाचा खर्च आपल्याजवळ असावा लागतो. १९७५ च्या सुमारास टंडन समितीने यासाठी मोठमोठे तक्ते घालून दिले होते. पण ते तक्ते भरायला ताळेबंद हवा, हिशेबनीस हवा. लहान कारखानदाराकडे कुठला हिशेबनीस? मग रिझर्व्ह बँकेने नायक समिती नेमली. तिने १९९२ मध्ये लहान उद्योगांसाठी सोपा ठोकताळा सुचवला, तोच आजही चालतो. धंद्याची वर्षाची अपेक्षित उलाढाल घ्या. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे २५ टक्के, इतकं खेळतं भांडवल लागतं असं धरा. त्यातले ५ टक्के मालकाने स्वतःचे घालावेत आणि २० टक्के बँकेने द्यावेत. बँकेच्या भाषेत आपल्या त्या पाच टक्क्यांना मार्जिन म्हणतात.

चौथा हिस्साच का? कारण वर्षाचे तीन महिने म्हणजे चौथा हिस्सा. रुपया धंद्यात गेला की तीन महिन्यांत परत येतो, असं या ठोकताळ्याने गृहीत धरलेलं आहे. सगळी गोम इथेच आहे. पण तिच्याकडे थोड्या वेळाने वळू.

आता १८ लाखांचे २० टक्के म्हणजे ३ लाख ६० हजार व्हायला हवेत. मग सव्वातीन का? कारण मॅनेजरसाहेबांनी १८ लाखांचा आकडाच मान्य केला नाही. त्यांनी बाईंच्या मागच्या तीन वर्षांचा हिशेब बघितला. १० लाख ८० हजार, मग १२ लाख ४० हजार, मग १४ लाख १० हजार. म्हणजे दर वर्षी चौदा-पंधरा टक्के वाढ. तीच चाल पुढे धरली तर १६ लाख २० हजार होतात आणि त्याचे २० टक्के ३ लाख २४ हजार. हेच ते सव्वातीन लाख.

बाई चिडून लिहितात, “मी अठरा लिहिले, त्यांनी सोळा केले. त्यांना काय ठाऊक आमच्या कारखान्यातलं?” अहो, ठाऊक नाही म्हणूनच केले! तुमच्या अर्जात मी बघितलं, “यंदा मागणी चांगली असल्याने उलाढाल रु. १८ लाख अपेक्षित आहे” एवढं एकच वाक्य आहे. मागणी चांगली आहे असं तर सगळेच लिहितात. दुसरी एक अडचण तुमच्या धंद्याचीच आहे. मातीच्या मूर्तींवर जीएसटी नाही, त्यामुळे त्याची विवरणपत्रंही नाहीत. इतर दुकानदाराची विक्री बँकेला त्या विवरणपत्रांवरून महिन्याच्या महिन्याला दिसते. तुमची दिसत नाही. निम्मी विक्री रोखीत होते आणि रोखीतूनच मजुरी जाते. मग बँकेच्या खात्यावर उरतं काय? बाईंनी जोडलेल्या उताऱ्यात गेल्या वर्षी खात्यात जेमतेम ९ लाख जमा झालेले दिसतात. साहेबांनी १४ लाख मान्य केले, हाच मला त्यांचा मोठेपणा वाटला.

मग अठरा लाख पटवून कसे द्यायचे? मी बाईंना फोनवर काही प्रश्न विचारले आणि त्यांच्याच उत्तरांतून योजना तयार झाली. ती कशी झाली ते सांगते, म्हणजे कोणालाही आपापल्या धंद्याला लावून बघता येईल.

पहिला प्रश्न, अठरा लाख म्हणजे किती मूर्ती? बाईंनी वही उघडली. नऊ ते बारा इंची १,२५० मूर्ती, ठोक भाव सरासरी ६०० रुपये. झाले साडेसात लाख. दीड फुटापर्यंतच्या ५०० मूर्ती १,३०० रुपयांनी, साडेसहा लाख. दोन फुटी १२५ मूर्ती ३,२०० रुपयांनी, चार लाख. एकूण मूर्ती १,८७५ आणि रुपये बरोबर १८ लाख. आकडा हवेतला नव्हता, वहीत होता. फक्त तो अर्जात उतरला नव्हता.

दुसरा प्रश्न, गेल्या वर्षीपेक्षा ३४५ मूर्ती जास्त आहेत, त्या घेणार कोण? डोंबिवलीच्या एका नव्या विक्रेत्याने २०० सांगितल्यात, पुण्याच्या एकाने १००. तोंडी? हो, तोंडीच. मी म्हटलं, दोघांकडून कागदावर घ्या. लेटरहेडवर चार ओळी, मूर्तींची मापं, संख्या, भाव, आणि आगाऊ रक्कम कधी देणार ते. उरलेल्या ४५ मूर्ती जुन्या गिऱ्हाइकांत सहज जातील, कारण गेल्या वर्षी श्रावणात त्यांना ऑर्डरी परत पाठवाव्या लागल्या होत्या. त्या परत पाठवलेल्या ऑर्डरींचीही नोंद त्यांच्या बुकिंगच्या वहीत निघाली. त्या पानाची झेरॉक्स जोडा म्हटलं. बँकेला याहून चांगला पुरावा कुठला मिळणार!

तिसरा प्रश्न बाईंना जरा लागला. “डोळे कोण आखणार?” आखणीला चुकून चालत नाही. एक डोळा जरा तिरका गेला की मूर्ती बिघडली, गिऱ्हाईक हात लावत नाही. फेब्रुवारीपासून हंगाम संपेपर्यंत कामाचे साधारण १७० दिवस मिळतात. गेल्या वर्षीच्या १,५३० मूर्ती म्हणजे दिवसाला नऊ. त्या बाईंनी एकट्यांनी केल्या. यंदाच्या १,८७५ म्हणजे दिवसाला अकरा. त्या म्हणाल्या, “बारापर्यंत मी जाते ताई, पुढे हात थरथरतो. पण यंदा माझी जाऊ आखायला शिकली आहे, लहान मूर्ती ती करील.” झालं तर! हेसुद्धा योजनेत लिहायचं. माती वाळवायला जागा किती, साचे किती, रंगाला माणसं किती, आखणीला हात किती. कारखान्यातलं जे काम सगळ्यात अडतं, तेवढीच कारखान्याची ताकद असते. बँकेच्या माणसाला आखणी म्हणजे काय ते माहीत नसेल कदाचित, पण दिवसाला अकरा हे त्याला पटकन समजतं.

या तीन उत्तरांवर १८ लाख उभे राहिले. म्हणजे ठोकताळ्याने ३ लाख ६० हजार तर नक्की. पण त्यानेही बाईंचं भागणार नाही. का ते आता बघू. मघाशी तीन महिन्यांची गोम म्हटली ती हीच.

शाडूची मूर्ती दिवाळीनंतर घडायला लागते. नोव्हेंबरात माती येते, साचे दुरुस्त होतात, कारागिरांना उचल द्यावी लागते. मूर्ती वाळते, घासली जाते, पांढरा हात बसतो, मग रंग. मे महिन्यात पावसाळ्याआधी सगळं सामान भरून ठेवावं लागतं. आणि पैसे? आगाऊ रकमा एप्रिलपासून थोड्या थोड्या येतात. खरा पैसा येतो तो गणपतीच्या तोंडावर आणि ठोक विक्रेत्यांचा तर विसर्जनानंतर! नोव्हेंबरात घातलेला रुपया परत यायला नऊ-दहा महिने लागतात. तीन महिन्यांचा ठोकताळा इथे कसा बसायचा?

मी बाईंना म्हटलं, एक कागद घ्या आणि दर महिन्याला किती जातात, किती येतात एवढंच लिहा. शेवटी, आतापर्यंत गेलेले वजा आतापर्यंत आलेले. बाईंचा कागद असा झाला. नोव्हेंबरात ६० हजार गेले. जानेवारी संपेतो एकूण अडीच लाख गेले, आलं काहीच नाही. मार्चअखेर गेलेले ४ लाख ८० हजार, आलेले अजूनही शून्य. मेअखेर गेलेले ७ लाख ६०, आलेले १ लाख ३०. म्हणजे ६ लाख ३० हजारांची तूट. जूनअखेर गेलेले ९ लाख २०, आलेले अडीच लाख. तूट ६ लाख ७० हजार. हा सगळ्यात खोल खड्डा. जुलैअखेर तो ६ लाखांवर येतो, ऑगस्टात एकदम ६ लाख जमा होतात आणि तूट १ लाख ६० हजारांवर उतरते. सप्टेंबरात खातं वर येतं. वर्षाचा एकूण खर्च व्याज धरून साडेतेरा लाख, विक्री अठरा, घराला साडेचार उरतात.

तेव्हा बाईंची खरी गरज ६ लाख ७० हजारांची, आणि तीही फक्त जूनअखेरची. ठोकताळ्यातलं प्रमाणच इथे लावू. पाचातला एक हिस्सा आपला, चार बँकेचे. म्हणजे १ लाख ३४ हजार बाईंनी गेल्या हंगामाच्या शिलकीतून घालायचे आणि ५ लाख ३६ हजार बँकेकडे मागायचे.

हे मागता येतं का? येतं. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेत २० टक्के हा ‘किमान’ आकडा आहे. मालाचं चक्र तीन महिन्यांहून लांब असेल तर बँकेने प्रत्यक्ष गरज बघून जास्त मर्यादा द्यावी, अशी त्यात सोय आहे. हंगामी धंद्यांसाठी महिन्या-महिन्याच्या जमाखर्चावरून मर्यादा ठरवायची पद्धतही बँकांना नवी नाही. साखर कारखान्यांना वर्षानुवर्षं तसंच देतात. पण साहेब आपणहून तो कागद करत बसणार नाहीत. कागद तुम्ही न्यायचा. तो नेला नाही तर त्यांच्या हातात फक्त २० टक्केच असतात.

आता बाईंचे सात लाख कुठून आले? मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, त्यात दीड लाख शेड वाढवायचे होते! तिथेच तुमची केस बिघडली, बाई. शेडीत घातलेला पैसा सप्टेंबरात परत येत नाही, तो पत्र्यांत आणि खांबांत अडकून बसतो. खेळत्या भांडवलातून शेड बांधली की पुढच्या नोव्हेंबरात माती आणायला पैसे नसतात, आणि खातं वर्षभर वरच्या टोकाला चिकटून राहतं. बँकेचा माणूस हे खात्याकडे एक नजर टाकून ओळखतो. शेडीसाठी वेगळं मुदतकर्ज मागा, चार-पाच वर्षांच्या हप्त्यांचं. सातातून दीड काढले की साडेपाच राहतात. तुमच्या मनातला आकडा तसा फार चुकलेला नव्हता!

बाईंच्या पत्रात आणखी एक ओळ होती, ती वाचून मात्र मी दचकले. “शेजारचे म्हणतात, अठराऐवजी सत्तावीस लाख लिहायचे होते, म्हणजे वीस टक्क्याने आपोआप पाच लाख चाळीस झाले असते.” हिशेब बरोबर आहे आणि सल्ला तितकाच वाईट. सत्तावीस लाख म्हणजे २,८०० मूर्ती, दिवसाला सोळा-सतरा जोड्या डोळे. पहिल्याच प्रश्नाला पाय अडकेल. समजा नाही अडकला, मर्यादा मिळाली, तरी वर्षाने नूतनीकरणाला साहेब खातं उघडणार आणि जमा मोजणार. सत्तावीस कबूल केलेले आणि आले अठरा, तर पुढच्या वर्षी ते तुमच्या कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवणार नाहीत. तीच पाच लाखांची गरज खरी उलाढाल सांगून आणि लांब चक्र दाखवून मागितली तर दरवर्षी मागता येते.

मर्यादा मंजूर झाली म्हणजे सगळे पैसे लगेच हातात, असंही नसतं बरं का. इथे नव्या खातेदार बायका हमखास गोंधळतात. दर महिन्याला मालाचा तक्ता द्यावा लागतो, त्यावरून त्या महिन्याची उचल ठरते. बाईंचाच जानेवारी घ्या. माती, कच्च्या मूर्ती, वाळलेल्या मूर्ती मिळून अडीच लाखांचा माल शेडीत आहे. यात मातीवाल्याचे ३० हजार द्यायचे बाकी आहेत. ते वजा, कारण ज्याचे पैसे दिले नाहीत तो माल आपला नाही. राहिले २ लाख २० हजार. त्यातलं पाचातलं एक हिस्सा मार्जिन वजा केलं की १ लाख ७६ हजार. मर्यादा पाच लाखांची असली तरी जानेवारीत एवढेच उचलता येतात. पुष्कळ बँका मार्जिन २५ टक्के धरतात, मग आणखी कमी. माल लिहिताना तो लागलेल्या खर्चाने लिहायचा, विक्रीच्या भावाने नव्हे. आणि गेल्या वर्षीच्या न विकलेल्या मूर्ती प्रामाणिकपणे वेगळ्या दाखवायच्या. तपासणीला आलेला माणूस फळीवरची धूळ बघून ओळखतोच. तसंच विक्रेत्याकडची उधारी तीन महिन्यांहून जुनी झाली की बँका ती बहुधा धरत नाहीत.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट सांगते. हंगामी धंद्याचं चांगलं खातं इथेच बुडतं आणि बाईमाणसाला पत्ताही लागत नाही. कॅश क्रेडिटच्या खात्यात सलग ९० दिवस काहीच जमा झालं नाही, किंवा जी जमा झाली ती लागलेल्या व्याजालाही पुरली नाही, तर मर्यादेच्या आत असूनही ते खातं बिघडलेलं धरलं जातं आणि थकीत कर्जांत जातं. आठवा बाईंचा कागद, नोव्हेंबर ते मार्च जमा शून्य! पाच महिने! धंदा उत्तम चाललेला, मूर्ती ओळीने वाळताहेत, आणि बँकेच्या यंत्रात तुमच्या नावापुढे काळी खूण. म्हणून योजनेतच लिहायचं, की या पाच महिन्यांचं व्याज आम्ही दर महिन्याला शिलकीतून भरू. ते फार नसतं. जानेवारीच्या १ लाख ७६ हजारांवर ११ टक्के व्याज धरलं तर महिन्याचे सोळाशे रुपये. सगळ्या हंगामाचं मिळून २९ हजारांच्या घरात जाईल, कारण उचल असेल तेवढ्याच दिवसांचं व्याज लागतं. मालाचा तक्ताही वेळेवर द्या. तीन महिन्यांहून जुन्या तक्त्यावर काढलेली उचल अनियमित समजतात, आणि असं तीन महिने चाललं की परिणाम तोच.

पंचांगही बँकेत न्या, असं मी म्हटलं तेव्हा बाई हसल्या. पण २०२५ मध्ये गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती, आणि २०२६ ची चतुर्थी अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबरला. मागे-पुढे अठरा दिवसांचा फरक! वरच्या कागदात ऑगस्टचे ६ लाख धरलेत. चतुर्थी उशिरा आली आणि त्यातले ३ लाख सप्टेंबरात सरकले, शिवाय अर्ध्या महिन्याची जादा मजुरी ५० हजार गेली, तर ऑगस्टअखेरची तूट १ लाख ६० हजारांऐवजी ५ लाख १० हजार राहते. मर्यादा ऑगस्टअखेर खाली आणण्याची अट बँकेने घातली असेल तर अधिकमासाच्या वर्षी ती पंधरा-वीस दिवस पुढे ढकलून आधीच लिहून घ्यावी. हंगाम सुरू झाल्यावर मागितलेली सवलत ही रडगाणं वाटते.

आणि धोक्याचा एक परिच्छेद असू द्या. २०२० मध्ये करोनामुळे राज्य सरकारने सार्वजनिक मूर्ती चार फुटांची आणि घरची दोन फुटांची अशी उंची बांधून दिली, तेव्हा उंच मूर्ती करून बसलेल्या कारखान्यांचं काय झालं ते पेणकरांना सांगायला नको. त्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लॅस्टरच्या मूर्तींविरुद्ध सूचना काढल्या. बाईंच्या सगळ्या मूर्ती शाडूच्या आणि दोन फुटांच्या आतल्या. हे त्यांनी अर्जात लिहिलंच नव्हतं! जी गोष्ट तुम्हाला रोजची, ती बँकेला नवी असते.

तर हे सगळं घेऊन बाई आणि त्यांचे यजमान पुन्हा गेले. तीन पानं, दोन विक्रेत्यांची पत्रं, वहीची झेरॉक्स आणि महिन्यांचा कागद. साहेबांनी तासभर प्रश्न विचारले, आखणीचा आकडा त्यांनी पेन्सिलने दोनदा गुणून बघितला. शेवटी मंजूर झालं ते असं: फेब्रुवारी ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ५ लाख, उरलेल्या महिन्यांत २ लाख. ३६ हजार कमी का, म्हणाल तर डोंबिवलीचा विक्रेता नवा, त्याच्या उधारीवर त्यांचा अजून भरवसा नाही. बाईंनी त्याच्याकडून आगाऊ रक्कम थोडी वाढवून घेतली आणि फरक भरून काढला. शिवाय अट अशी, की विक्रीचे पैसे याच खात्यात जमा करायचे. मला विचाराल तर ती अट बाईंच्याच फायद्याची आहे. पुढच्या वर्षी ९ लाखांची जमा दाखवून १४ लाख पटवत बसायला नको. लहान उद्योगाला एवढ्या रकमेच्या कर्जाला घरदार तारण मागायचं नाही असा नियम असल्याने तोही प्रश्न आला नाही. शेडीचं मुदतकर्ज अजून विचारात आहे.

जाता जाता, अलिबागच्या खानावळवाल्या भगिनीला थोडक्यात उत्तर. तुम्ही लिहिता, वर्षाची उलाढाल १२ लाख, वीस टक्क्याने २ लाख ४० हजारांची मर्यादा बसते, तर घ्यावी का? बाई, तुमची गोष्ट मूर्तीवाल्या बाईंच्या अगदी उलट आहे. सकाळी बंदरावरची मासळी, दुपारी ताट, लगेच पैसे. तुमच्याकडे कुठल्याही दिवशी तांदूळ, नारळ, तेल मिळून २५ हजारांहून जास्त माल नसतो, आणि त्यावर उचल मिळणार २० हजारांची. मग अडीच लाखांची मर्यादा कागदावरच राहील आणि तिचे आकार मात्र भरावे लागतील. तुम्हाला हवाय तो मोठा शीतपेटीचा फ्रीज, पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हासाठी. त्यासाठी मुदतकर्ज मागा, आणि अर्जात दुकानदाराचं कोटेशन जोडायला विसरू नका.